बाहेरगावच्या गाडीचं भाडं कसं काढायचं: आधी तारखा, मग किलोमीटर, दर शेवटी

गाडी ठरवताना बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात: “किलोमीटरला किती?” चौदा म्हटलं की गूगल मॅपवरच्या अंतराला चौदाने गुणतात आणि तेवढे पैसे बाजूला काढतात. परत आल्यावर हातात पडणारं बिल त्यापेक्षा तीन-चार हजारांनी जास्त असतं. यात दरवेळी फसवणूक असतेच असं नाही. भाडं ज्या क्रमाने काढलं जातं तो क्रम आपल्याला माहीत नसतो, म्हणून अंदाज चुकतो.

हा क्रम एका सहलीवर पूर्ण सोडवून दाखवतो. सहल नेहमीची आहे: पुण्यातून अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर आणि परत, तीन दिवस, सहा माणसं, अर्टिगासारखी गाडी. खाली वापरलेले दर हिशेब समजावा म्हणून घेतले आहेत. तुमच्या गावात आणि सीझनमध्ये ते वेगळे असतील, पद्धत मात्र हीच राहील.

## तयारी: फोन करण्याआधी

कागदावर चार गोष्टी लिहून ठेवा. गाडी घरी किती वाजता हवी, रोज रात्री मुक्काम कुठे, शेवटच्या दिवशी घरी पोचायला किती वाजतील, आणि वाटेत कुठे कुठे वाकडी वाट करायची आहे. “अक्कलकोट-तुळजापूर-पंढरपूर, तीन दिवस” एवढंच सांगितलं तर समोरचा माणूसही ढोबळ आकडाच सांगणार.

बोलताना ‘आउटस्टेशन’ असं स्पष्ट म्हणा. शहरातलं ‘आठ तास ऐंशी किलोमीटर’ हे पॅकेज वेगळं असतं. त्यात जादा तासांचे पैसे लागतात. आउटस्टेशनला साधारणपणे तास मोजत नाहीत, दिवस मोजतात.

## १. तारखा मोजा

सर्वात महाग चूक इथे होते. आपल्या दृष्टीने सकाळी निघाल्यापासून चोवीस तास म्हणजे एक दिवस. बहुतेक गाडीवाले मात्र कॅलेंडरचा दिवस धरतात, म्हणजे रात्री बारा ते रात्री बारा. गाडी ज्या ज्या तारखेला तुमच्या कामावर होती ती प्रत्येक तारीख एक पूर्ण दिवस.

आपल्या सहलीत शुक्रवारी पहाटे पाचला निघून रविवारी रात्री नऊला परत आलं, तर तीन तारखा. हीच मंडळी “सकाळी लवकर दर्शन होईल” म्हणून गुरुवारी रात्री अकराला निघाली, तर चार तारखा. गुरुवारचा एकच तास वापरला, पण त्या दिवसाचं किमान अंतर, म्हणजे गाडी कमी फिरली तरी ज्याचे पैसे द्यावेच लागतात ते, आणि ड्रायव्हरचा भत्ता दोन्ही लागले. किमान ३०० किलोमीटर, १४ रुपये दर आणि ३०० रुपये भत्ता धरला तर त्या एका तासाची किंमत ४,५०० रुपये. रात्री गाडी चालवण्याचा आकार त्याहून वेगळा.

लक्षात ठेवा: दिवस संपतो तो तुम्ही घरी उतरता तेव्हा नाही, गाडी गॅरेजला पोचते तेव्हा. रविवारी रात्री साडेअकराला तुम्ही कोथरूडला उतरलात आणि गाडी हडपसरला पोचेपर्यंत सव्वाबारा वाजले, तर ड्युटी स्लिपवर, म्हणजे गाडीच्या वेळा आणि किलोमीटर लिहायच्या कागदावर, सोमवारची तारीख पडते. म्हणून परतीची वेळ साडेदहाच्या पुढे जाणार असेल तर आधीच विचारून ठेवा: “बारा वाजून गेले तर पूर्ण दिवस लावणार, की नुसता नाईट चार्ज?” बुकिंगच्या वेळी बरेच मालक रात्री एक-दोनपर्यंतची सवलत मान्य करतात. बिल हातात आल्यावर कुणी करत नाही.

काही जण चोवीस तासांचा दिवस धरतात. तसं असेल तर गुरुवारी रात्री अकराला निघणं तितकं महाग पडत नाही, कारण तो दिवस शुक्रवारी रात्री अकराला संपतो. कोणती पद्धत आहे ते विचारल्याशिवाय निघायची वेळ ठरवू नका.

## २. किलोमीटर मोजा, पण गॅरेजपासून

गाडीचं अंतर तुमच्या दारापासून सुरू होत नाही. जवळपास सगळीकडे ‘गॅरेज टू गॅरेज’ धरतात: गाडी उभी असते तिथून निघाली की ओपनिंग रीडिंग, तिथे परतली की क्लोजिंग. आपल्या उदाहरणात गॅरेज हडपसरला आणि घर कोथरूडला आहे, म्हणजे जाता-येता साधारण १५-१५ किलोमीटर. सोलापूर रस्त्यावर जायचं, गाडीही सोलापूर रस्त्यावरच उभी, तरी तिला आधी कोथरूडला यावं लागतं आणि शेवटी परत जावं लागतं. सोसायटीजवळचा गाडीवाला दरात आठ आणे महाग असला तरी इथे भरून निघू शकतो.

आता दिवसाप्रमाणे अंतर मांडू. आकडे गोल केले आहेत.

- शुक्रवार: गॅरेज ते घर १५, घरून सोलापूरमार्गे अक्कलकोट २९५, गावात ५. एकूण ३१५.
- शनिवार: अक्कलकोट ते तुळजापूर सोलापूरमार्गे ८५, तुळजापूर ते पंढरपूर १२०, गावात ५. एकूण २१०.
- रविवार: पंढरपुरात ५, टेंभुर्णीमार्गे घरी २१५, घर ते गॅरेज १५. एकूण २३५.

तिन्ही दिवस मिळून ७६० किलोमीटर.

गावातल्या फिरण्याला आम्ही मुद्दाम थोडेच किलोमीटर ठेवलेत, कारण या तिन्ही ठिकाणी देवळाजवळ गाडी फार फिरत नाही. महाबळेश्वर किंवा गणपतीपुळ्याला जाणार असाल तर पॉइंट आणि किनारे बघण्यातच दिवसाला ५०-६० किलोमीटर सहज होतात. ते धरायचे राहिले तर अंदाज तिथेच कमी पडतो.

तपासा: मॅपवर दोन गावांचं अंतर पाहताना सर्वात वरचा रस्ता तोच ड्रायव्हर घेईल असं धरू नका. पुण्याहून पंढरपूरला टेंभुर्णीवरूनही जातात आणि सासवड-फलटणवरूनही. कोणत्या रस्त्याने जायचं ते निघण्याआधी बोलून घ्या.

## ३. किमान किलोमीटर लावा

आता आपल्याकडे दोन आकडे आहेत: ३ तारखा आणि ७६० किलोमीटर. गाडीवाल्याने “डेली मिनिमम ३००” सांगितलं असेल तर किमान अंतर ३ × ३०० = ९००. प्रत्यक्ष अंतर आणि किमान अंतर यांतलं जे जास्त, त्याचे पैसे द्यायचे. इथे गाडी ७६० फिरली तरी बिल ९०० किलोमीटरचं होईल.

म्हणजे १४ रुपये दर ऐकला तरी ९०० × १४ = १२,६०० भागिले ७६०, प्रत्यक्षात जवळजवळ साडेसोळा रुपये किलोमीटर पडले. कमी अंतराच्या, जास्त दिवसांच्या सहलीत दरापेक्षा हा किमान आकडाच भाडं ठरवतो.

इथे एक प्रश्न हमखास विचारायचा राहून जातो: किमान अंतर एकूण सहलीवर लावणार, की रोजच्या रोज? रोजच्या रोज लावलं तर शुक्रवारचे ३१५ जसेच्या तसे, शनिवारचे २१० वाढून ३००, रविवारचे २३५ वाढून ३००, म्हणजे ९१५. फरक फक्त १५ किलोमीटरचा, कारण या सहलीत एकाच दिवशी ३०० ओलांडले आणि तेही थोडक्यात. पण पुणे-गोवा तीन दिवसांत करा: जाताना ४५०, मधल्या दिवशी तिथे ६०, येताना ४५०, एकूण ९६०. एकूण सहलीवर मोजलं तर ९६० चेच पैसे. रोजच्या रोज मोजलं तर ४५० + ३०० + ४५० = १,२००. चौदाच्या दराने हा ३,३६० रुपयांचा फरक आहे, आणि दोन्ही गाडीवाल्यांनी फोनवर “चौदा रुपये, तीनशे मिनिमम” एवढंच सांगितलेलं असतं. “ॲव्हरेज ३०० पर डे” असं लिहून आलं तर सहसा एकूण सहलीवर मोजतात, तरी शब्दावर न जाता विचारून खात्री करा.

किमान अंतर जास्त भरलंय असं दिसलं तर त्याचा उपयोग करून घ्या. आपल्याकडे १४० किलोमीटरचे पैसे दिलेले पण न वापरलेले आहेत. पंढरपूरहून मंगळवेढा साधारण २५ किलोमीटरवर आहे. जाऊन आलं तरी किलोमीटरचा एक रुपया वाढत नाही. फक्त बुकिंगच्या वेळी हे ठिकाण सांगून ठेवा, कारण ‘यादीत नव्हतं’ यावरून आयत्या वेळी ड्रायव्हरशी वाद होतात. त्यात ड्रायव्हरची काही चूक नसते. मालकाने त्याला दिलेल्या कागदावर जे आहे तेवढंच त्याला माहीत असतं.

## ४. ड्रायव्हर भत्ता, नाईट हॉल्ट आणि नाईट ड्रायव्हिंग

हे तीन आकार वेगळे आहेत. फोनवर मात्र तिन्हींना सरसकट “नाईट” किंवा “भत्ता” म्हटलं जातं.

ड्रायव्हर भत्ता तारखेवर असतो. तीन तारखा असतील तर तीन भत्ते. त्यात ड्रायव्हरचं जेवणखाण धरलेलं असतं.

नाईट हॉल्ट रात्रीवर असतो. गाडी बाहेरगावी जितक्या रात्री मुक्कामाला राहिली तितके. आपल्या सहलीत तीन दिवस पण दोन रात्री. इथे तीनने गुणलेलं बिल बऱ्याचदा दिसतं. काही जण हॉल्ट वेगळा न घेता भत्त्यातच धरतात.

नाईट ड्रायव्हिंग फक्त रात्री ठरावीक वेळेत गाडी चालली तर लागतं. ही वेळ कुणाची दहा ते सहा, कुणाची अकरा ते पाच. पहाटे पाचला कोथरूडहून निघण्यासाठी गाडी गॅरेजहून सव्वाचारलाच निघते. म्हणजे यांतली कोणतीही वेळ असली तरी पहिल्याच दिवशी हा आकार लागू शकतो. पाचऐवजी सातला निघणं चालणार असेल तर तेवढे पैसे वाचतात.

तपासा: भत्ता बिलात आहे, की थेट ड्रायव्हरच्या हातात द्यायचा? बिलात असताना ड्रायव्हरलाही वेगळा दिला जातो आणि तोच खर्च दोनदा होतो. उलटही घडतं: मालक भत्ता लावतो आणि ड्रायव्हरपर्यंत तो पूर्ण पोचत नाही. सर्वात स्वच्छ पद्धत म्हणजे मालकाशी बोलून भत्ता रोज संध्याकाळी ड्रायव्हरला द्यायचा आणि तशी नोंद स्लिपवर करायची.

ड्रायव्हरच्या झोपण्याची सोय कुठे आहे तेही विचारा. हॉल्टचे पैसे घेऊनही बऱ्याच ठिकाणी त्याला गाडीतच झोपावं लागतं, आणि दुसऱ्या दिवशी तोच माणूस तुमच्या कुटुंबाला हायवेवरून नेणार असतो. यात्रेच्या गावांत भक्तनिवास किंवा लॉजवर ड्रायव्हरसाठी डॉर्मिटरी आहे का, हे आपली खोली ठरवतानाच पाहावं.

## ५. टोल, पार्किंग, राज्याचा कर आणि जीएसटी

टोल आणि पार्किंग बहुतेक वेळा प्रत्यक्ष खर्चाप्रमाणे वेगळे असतात. पुणे-सोलापूर महामार्गावर जाताना पाटस, सरडेवाडी, वरवडे आणि सावळेश्वर हे नाके लागतात. परत येताना टेंभुर्णीवरून महामार्गाला लागलात तर त्यांतले सरडेवाडी आणि पाटस हेच लागतात. चोवीस तासांत परतलं तर राष्ट्रीय महामार्गाच्या नाक्यावर परतीला सवलत मिळते, पण आपण तिसऱ्या दिवशी परततो, म्हणून दोन्ही वेळा पूर्ण टोल धरायचा.

टोल फास्टॅगमधून मालकाच्या खात्यातून जातो, नाक्यावर पावती हातात येत नाही. बिलात “टोल” म्हणून एकच गोल आकडा आला तर फास्टॅगचं स्टेटमेंट मागा. त्यात नाका आणि वेळ दोन्ही दिसतात. “फास्टॅगचा वार्षिक पास आहे ना, मग टोल कसला?” असा वाद मात्र घालू नका. तो पास खासगी गाड्यांसाठी आहे, भाड्याच्या गाडीला चालत नाही. आणि गाडी दारात आली की नंबरप्लेट पाहा. पेट्रोल, डिझेल किंवा सीएनजीवरची टॅक्सी असेल तर पिवळ्या पाटीवर काळी अक्षरं हवीत. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने देणं बेकायदा आहे, आणि अपघात झाला तर विम्याचा दावा अडकू शकतो.

राज्याबाहेर जाणार असाल तर परमिट आधी विचारा. अक्कलकोटला गेलेली मंडळी आयत्या वेळी गाणगापूरला जायचं ठरवतात, आणि गाणगापूर कर्नाटकात आहे. गाडीला ऑल इंडिया टुरिस्ट परमिट आहे का, नसेल तर कर्नाटकाचा कर कोण भरणार, हे पुण्यातच ठरलेलं बरं.

जीएसटी नोंदणी असलेला गाडीवाला भाड्यावर सहसा ५ टक्के लावतो. कर लावला असेल तर बिलावर त्याचा जीएसटी क्रमांक हवा. क्रमांक नाही आणि कर आहे, असं बिल स्वीकारू नका.

## ६. दोन कोटेशन शेजारी मांडा

आता खरी तुलना करता येते. आपल्या सहलीसाठी दोन गाडीवाल्यांचे आकडे असे आले असं धरू.

पहिला: १४ रुपये किलोमीटर, किमान ३००, भत्ता रोज ३००, हॉल्ट भत्त्यातच. तर ९०० × १४ = १२,६००, भत्ता ९००, एकूण १३,५००. जीएसटी ६७५ धरून १४,१७५.

दुसरा: १५.५० रुपये किलोमीटर, किमान २५०, भत्ता रोज ३००, हॉल्ट प्रत्येक रात्री २००. किमान अंतर ७५०, प्रत्यक्ष ७६०, म्हणून ७६० × १५.५० = ११,७८०. भत्ता ९००, हॉल्ट ४००, एकूण १३,०८०. जीएसटी ६५४ धरून १३,७३४.

दर दीड रुपयाने जास्त आणि हॉल्ट वेगळा, तरी दुसरा ४४१ रुपयांनी स्वस्त. हीच सहल दोन दिवसांत केली असती तर निकाल उलटला असता, कारण तेव्हा दोघांकडेही प्रत्यक्ष ७६० किलोमीटरच लागू झाले असते. म्हणून ‘स्वस्त गाडीवाला’ असा कायमचा कुणी नसतो, सहलीप्रमाणे तो बदलतो.

हिशेब शीटमध्ये करायचा असेल तर B1 मध्ये प्रत्यक्ष किलोमीटर, B2 तारखा, B3 रोजचं किमान, B4 दर, B5 रोजचा भत्ता, B6 रात्री आणि B7 एका रात्रीचा हॉल्ट भरा. मग हे सूत्र:

```
=(MAX(B1,B2*B3)*B4 + B2*B5 + B6*B7)*1.05
```

हॉल्ट वेगळा नसेल तर B7 मध्ये शून्य. कर नसेल तर शेवटचा `*1.05` काढा. किमान अंतर रोजच्या रोज लावणार असतील तर हे सूत्र चालणार नाही. तेव्हा प्रत्येक दिवसाचं प्रत्यक्ष आणि किमान यांतलं जे अंतर जास्त ते वेगळं काढून बेरीज करावी लागते.

## ७. ठरलेलं लिहून पाठवा

फोनवर ठरलं की लगेच व्हॉट्सॲपवर एक मेसेज टाका आणि त्यावर “ओके” येऊ द्या. असा:

“अर्टिगा एसी, शुक्रवार पहाटे ५ कोथरूड, रविवार रात्री ९ परत. अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर. दर १५.५०, किमान २५० रोज, एकूण तीन दिवसांवर. भत्ता ३०० × ३, हॉल्ट २०० × २. पहाटेचा नाईट चार्ज नाही. टोल-पार्किंग प्रत्यक्ष. जीएसटी ५ टक्के. रविवारी बारानंतर गाडी गॅरेजला पोचली तर नवा दिवस लागणार नाही. ॲडव्हान्स ३,००० दिला.”

गाडी बंद पडली तर दुसरी देणार का, आणि ती तिथवर आणण्याचे किलोमीटर आपल्यावर नाहीत ना, ही ओळही वाढवा. आषाढी-कार्तिकीला पंढरपूर किंवा नवरात्रात तुळजापूर असेल तर दर बदलतात आणि गाड्या गावाबाहेरच थांबवतात. त्या दिवसांसाठी जुना दर गृहीत धरू नका.

## ८. ड्युटी स्लिप: निघताना आणि परतल्यावर

गाडी दारात आली की डॅशबोर्डचा फोटो काढा, किलोमीटर स्पष्ट दिसतील असा. स्लिपवर गॅरेजचं ओपनिंग रीडिंग आधीच लिहिलेलं असतं. दोहोंतला फरक १५ च्या आसपास हवा. तो ३५ निघाला तर तिथेच विचारा, कारण गाडी आदल्या कामावरून थेट आली असेल तर ते किलोमीटर तुमचे नाहीत. रोज रात्री गाडी सोडताना पुन्हा फोटो घ्या.

वाटेत ड्रायव्हरने डिझेल किंवा सीएनजीसाठी पैसे मागितले तर मालकाला विचारून द्या आणि रक्कम स्लिपवर लिहून त्याची सही घ्या. हे पैसे ॲडव्हान्समध्ये धरले जातात. लिहिलेले नसले की नेमके हेच विसरले जातात.

शेवटी घरी उतरताना रीडिंग आणि वेळ स्लिपवर भरल्याशिवाय सही करू नका. ‘क्लोजिंग’चा रकाना गॅरेजला भरला जातो, म्हणून तो रिकामा असणार. त्यासमोर “घरी रीडिंग अमुक, वेळ अमुक” असं स्वतःच्या हाताने लिहा आणि स्लिपचा फोटो ठेवा. बिल आलं की क्लोजिंग आणि तुमच्या रीडिंगमधला फरक पुन्हा पंधराच्या आसपास आहे का ते पाहा. मग तारखा, रात्रींची संख्या आणि फास्टॅगचं स्टेटमेंट तपासा. ॲडव्हान्स आणि वाटेत इंधनाला दिलेली रक्कम वजा झालेली दिसली की उरलेले पैसे द्या.